फी युरोत, कर्ज रुपयात: लेकीच्या दोन वर्षांच्या मास्टर्सचे पैसे आम्ही कसे उभे केले

गेल्या महिन्यात लेकीच्या खर्चाचा शेवटचा हप्ता पाठवून झाला. आता थिसिस तेवढा राहिलाय, तो तिचा तिने करायचाय. दोन वर्षं जी एक्सेल शीट मी रोज उघडत होते ती आता आठवड्यात एकदाही उघडत नाही, त्यामुळे विसरायच्या आत लिहून ठेवतेय. आम्ही दोघंही नोकरदार, घरात याआधी कुणी बाहेर शिकायला गेलेलं नाही, त्यामुळे बऱ्याच गोष्टी आधी चुकल्या आणि मग कळल्या.

लेकीला नेदरलँड्समध्ये दोन वर्षांच्या मास्टर्सला ॲडमिशन मिळाली. ऑफर लेटर आलं मार्च २०२४ मध्ये आणि कोर्स सप्टेंबरपासून. फी वर्षाला १८,००० युरो. राहणं-खाणं आम्ही महिन्याला ११०० धरलं, म्हणजे वर्षाला १३,२०० युरो. दोन्ही वर्षं मिळून, वरची सटरफटर सोडून साधारण ६२ हजार युरो होत होते. तेव्हा युरो साधारण ९० रुपयांना होता. मी गुणाकार केला, ५५ लाख ८० हजार आले, आणि मी लॅपटॉप बंद करून भांडी घासायला गेले. खोटं कशाला बोलू.

स्कॉलरशिपचं आधी सांगते, कारण तिथे आम्ही उशिरा जागे झालो. इरॅस्मस मुंडसचा अर्ज लेकीने वेळेत केला होता, तो नाही झाला. जे. एन. टाटा एन्डोमेंटचं मला ऑफर लेटर आल्यावर कळलं, तोवर त्या वर्षीची मुदत हातातून गेलेली. आणि ती लोन स्कॉलरशिप आहे हेही तेव्हाच कळलं, म्हणजे नावात स्कॉलरशिप असली तरी परत करायची असते. शेवटी मिळाली ती विद्यापीठाचीच, ५,००० युरो, फक्त पहिल्या वर्षासाठी. आम्ही आनंदात ती दोन्ही वर्षांना धरून शीटमध्ये टाकलेली, लेकीने पत्र नीट वाचून दाखवलं तेव्हा पाच हजार युरो पुन्हा खर्चात आले. पत्र आलं की तीन गोष्टी शोधा. एकदाच आहे का दरवर्षी, मार्कांची अट आहे का, आणि पैसे फीतून वजा होणार का हातात येणार. आमच्याकडे फीतून वजा होणार होते, याचा पुढे कर्जात उपयोग झाला.

बचत २२ लाख होती. लेक आठ वर्षांची असल्यापासूनचे म्युच्युअल फंड होते, ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेली तसे टप्प्याटप्प्याने काढून एफडीत टाकलेले. ते केलं म्हणून निदान शेअर बाजाराची धाकधूक नव्हती. त्यातल्या एका फंडात परदेशी शेअर होते आणि नवऱ्याचं म्हणणं होतं की रुपया पडला तर हा फंड वर जाईल, आपोआप भरपाई होईल. ऐकायला बरोबर वाटतं पण तो फंड डॉलरवर चालणारा आणि आमची फी युरोत. जून २०२४ ते ऑगस्ट २०२५ मध्ये डॉलर ८३ रुपये ४० पैशांवरून ८७ रुपये ५० पैशांच्या आसपास गेला, म्हणजे पाच टक्के. युरो त्याच काळात ९० वरून १०२ वर गेला, तेरा टक्के. बातम्यांत रुपया म्हणजे डॉलरच असतो, त्यामुळे "रुपया स्थिर" अशी हेडलाइन वाचून आम्ही निवांत बसायचो आणि युरो आपला वर चाललेला. ज्या चलनात फी आहे त्याचाच रेट बघा, दुसरा बघून उपयोग नाही.

आता कर्ज. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज टाकला आणि सोबत बँकेच्या शाखेतही गेले, कारण नुसतं पोर्टलवर टाकून कुणी फोन करत नाही हा माझा अनुभव. घर तारण द्यायचं होतं. वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, मूळ कागद, सगळं धरून सँक्शन लेटर यायला सात आठवडे लागले, २४ मे ला आलं. त्यातला दीड आठवडा फक्त एका जुन्या कागदावर नवऱ्याचं मधलं नाव चुकलेलं होतं त्याच्या ॲफिडेव्हिटमध्ये गेला. प्रोसेसिंग, वकील आणि व्हॅल्युएशन मिळून पंधरा-सोळा हजार झाले.

खरी मेख कॉस्ट शीटमध्ये आहे. बँक एक तक्ता करते, फी किती, राहणं किती, प्रवास, लॅपटॉप, विमा. तो तक्ता विद्यापीठाच्या पत्रावरून युरोत भरतात आणि त्या दिवशीच्या रेटने रुपयात फिरवतात. आमच्या तक्त्यात रेट होता ९०.५०, आणि तोच रेट दुसऱ्या वर्षाच्या फीलासुद्धा. म्हणजे सव्वा वर्षाने भरायची १८,००० युरोची फी त्यांनी आजच १६ लाख २९ हजार ठरवून टाकली. मी मॅनेजरना विचारलं की सर, पुढच्या वर्षी युरो हाच राहणार का, तर ते हसून म्हणाले, "मॅडम, आम्हाला आजचाच रेट लावावा लागतो." त्यांचं चुकत नव्हतं. सँक्शन रुपयात होतं, देणं युरोत आहे, आणि मधलं जे काही वाढेल ते आपलं.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे स्वतःच्या शीटमध्ये दुसऱ्या वर्षाला ९० नाही, ९७ रेट धरला. काही शास्त्र नव्हतं त्यात, नवरा म्हणाला सातआठ टक्के वर धर आणि तरी जमतंय का बघ, एवढंच. तेव्हा बचतीतले ३ लाख बाजूला वेगळ्या एफडीत काढून ठेवले आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. दुसरं म्हणजे सँक्शन वाढवून घेतलं. आमचा हिशोब २८ लाखांचा होता, ऑफिसातल्या एका सिनिअर बाईंनी सांगितलं की ३४ मागा. त्यांच्या मुलाच्या वेळी ऐनवेळी टॉप-अप मागायला गेल्या तर पुन्हा पहिल्यापासून व्हॅल्युएशन सांगितलं होतं म्हणे. व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागतं, न उचललेल्या सँक्शनवर काही लागत नाही. मला आधी ३४ लाख हा आकडा सही करताना घाम फुटला होता, पण त्याच सहा लाखांतले अडीचएक लाख पुढे कामी आले. ज्यांना असं वाटतं की कर्ज कमीत कमी मंजूर करून घ्यावं, त्यांना सांगते, मंजूर मोठं घ्या आणि उचल कमी करा.

मार्जिनचं पण इथेच. परदेशी शिक्षणाला साधारण १५ टक्के आपले घालावे लागतात. पण ते एकदम नाही, जसजसे पैसे सुटतील तसतसे, आणि स्कॉलरशिपही मार्जिनमध्ये धरतात. आम्ही पत्र दाखवलं आणि पहिल्या वर्षीच्या फीतले उरलेले १३,००० युरो बँकेने पूर्ण सोडले. न विचारता कुणी हे सांगत नाही, मी बँकेच्या योजनेचं पीडीएफ काढून ती ओळ पिवळी करून नेलेली.

जूनमध्ये पहिले पैसे गेले. व्हिसाचं काम तिकडे विद्यापीठच करतं, पण त्याआधी फी आणि वर्षभराचा राहण्याचा खर्च त्यांच्या खात्यात भरायचा, तिथे पोचल्यावर खर्चाचे पैसे ते मुलीला परत देतात. म्हणजे १३,००० फी आणि १३,००० राहण्याचे, २६,००० युरो एका झटक्यात. फी कर्जातून आणि राहण्याचे बचतीतून.

आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की गुगलवर दिसतो तो रेट कुणालाच मिळत नाही. स्क्रीनवर ८९.९० होता, शाखेने सांगितला ९२.६०. मी म्हटलं एवढा फरक? तर म्हणाले हा कार्ड रेट आहे. फॉरेक्सचं काम दुसऱ्या शाखेतून होतं, तिथे गेले, तिथल्या बाईंनी स्वतःहून सांगितलं की रक्कम मोठी आहे, ट्रेझरीला फोन करून डील रेट मागता येतो. फोन केला, ९१.५० मिळाला. २६,००० युरोवर २८,६०० रुपये वाचले, पाच मिनिटांत. त्यानंतर प्रत्येक वेळी मी पहिलं वाक्य तेच म्हटलं, "डील रेट मिळेल का?" सकाळी बाजार उघडल्यावर जा, दुपारी उशिरा गेलात तर कार्ड रेटच लावतात. याच बाईंना फॉरवर्डबद्दलही विचारलं, म्हणजे पुढच्या वर्षीचा रेट आजच ठरवता येतो का. त्या म्हणाल्या एवढ्या छोट्या रकमेला आमच्याकडे करत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आमच्या पैशांना छोटी रक्कम म्हटलं.

पैसे बाहेर पाठवायच्या फॉर्म ए२ मध्ये पर्पज कोड S0305 टाकायचा, परदेशातल्या शिक्षणाचा. टीसीएसचा, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच कापून घेते त्या टॅक्सचा, गोंधळ इथेच होतो. त्या वर्षी नियम असा होता की एका पॅनवर वर्षभरात ७ लाखांपर्यंत काही नाही, त्यावर स्वतःच्या पैशाला ५ टक्के आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जाला अर्धा टक्का. कर्जाचे पैसे लेकीच्या पॅनवर गेले, ११ लाख ९० हजार, त्यातल्या ४ लाख ९० हजारांवर अर्धा टक्का म्हणजे २,४५०. बचतीचे पण तेवढेच होते. ते सगळे नवऱ्याच्या खात्यातून पाठवले असते तर २४,५०० अडकले असते. म्हणून निम्मे त्याच्या आणि निम्मे माझ्या खात्यातून पाठवले, प्रत्येकी ५ लाख ९५ हजार, टीसीएस शून्य. हा टॅक्स बुडत नाही, रिटर्न भरला की परत येतो, पण जूनमध्ये गेलेला पैसा पुढच्या वर्षी येतो आणि आम्हाला जूनमध्येच हवा होता. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख झाली आणि कर्जाच्या पैशावरचा टीसीएस गेला.

पैसे गेले आणि चौथ्या दिवशी विद्यापीठाची मेल, २२ युरो कमी आलेत, फी अपूर्ण. मधल्या बँकेने चार्ज कापला होता. फॉर्मवर चार्जेस कुणी भरायचे असा एक कॉलम असतो, त्यात ओयूआर निवडायचं म्हणजे सगळे चार्ज आपण इथेच भरतो आणि तिकडे पूर्ण रक्कम पोचते. आमच्याकडे क्लार्कने सवयीने एसएचए टाकलेलं आणि मी न बघता सही केली. २२ युरो पाठवायला हजारावर चार्ज लागला. व्हिसा थांबतो की काय म्हणून दोन रात्री झोप नाही, शेवटी लेकीनेच विद्यापीठाच्या फायनान्स ऑफिसला मेल केली, ते म्हणाले निवांत पाठवा. आम्हीच उगाच हातपाय गाळून बसलो होतो.

ऑगस्टच्या शेवटी लेक गेली. मग जानेवारी २०२५ मध्ये युरो चक्क ८९ वर आला. माझ्या शीटमधला ९७ बघून नवरा मला चिडवायला लागला. पण तेव्हा आम्ही एक शहाणपण केलं. तिचं तिकडे बँक खातं सुरू झालेलं, तर दुसऱ्या वर्षीच्या खर्चातले ४,००० युरो तेव्हाच पाठवून टाकले, ९०.५० च्या भावाने. पैसे एकदा युरोत गेले की रुपया कुठेही जाऊ दे. एफडी मोडायला थोडी पेनल्टी पडली. यावेळी आम्ही दोघंही ७ लाखांच्या वर ७६ हजारांनी गेलो, प्रत्येकी ३,८०० टीसीएस कापला. नवऱ्याने ऑफिसात १२बीएए फॉर्म देऊन तो पगाराच्या टीडीएसमधून कमी करून घेतला, हा फॉर्म ऑक्टोबर २०२४ मध्ये नवीनच आला होता. माझ्या ऑफिसात अकाउंट्सला त्याचं नावच माहीत नव्हतं, मला रिटर्नपर्यंत थांबावं लागलं.

चारच हजार का पाठवले, आठ का नाही, हे मला आजही कुणी विचारू नये. वाटलं अजून खाली येईल.

आणि हीच हाव पुढे नडली. दुसऱ्या वर्षीच्या फीचं इनव्हॉइस मे मध्येच मिळालं होतं. बँक इनव्हॉइस असल्याशिवाय कर्जातले पैसे सोडत नाही, त्यामुळे जानेवारीत फी भरताच आली नसती, पण मे मध्ये येत होती. तेव्हा युरो ९६.५० होता, म्हणजे आम्हाला ९७.५० ला पडला असता, माझ्या शीटच्या जवळजवळ तेवढाच. पण डोक्यात जानेवारीचा ८९ बसलेला. मुदत ३१ ऑगस्ट आहे ना, आणि लवकर उचललं तर तीन महिन्यांचं व्याज उगाच, असं म्हणून थांबलो. जूनमध्ये ९९, जुलैत १०१. मी सकाळी उठल्यावर आधी रेट बघायचे, मग चहा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धीर सुटला आणि बँकेत गेले, तर तिथे नवीनच. सँक्शन ३४ लाख, उचललेले फक्त ११ लाख ९० हजार, तरी दुसऱ्या वर्षाच्या फीच्या हेडखाली १६ लाख २९ हजारच मंजूर, त्यापेक्षा जास्त सुटणार नाही. बाकीचे पैसे राहणं, प्रवास अशा हेडखाली पडलेले. तिकडून इकडे वळवायला अर्ज, नवीन इनव्हॉइस, त्या दिवशीच्या रेटचा कागद, आणि वरच्या ऑफिसची मंजुरी, याला अकरा दिवस लागले. सँक्शन लेटरमध्ये हेडवाइज आकडे असतात ते मे २०२४ मध्येच बघायला हवे होते आणि हेड बदलायचं पत्र फीच्या महिनाभर आधी द्यायला हवं होतं.

शेवटी १०३ ने गेली फी. १८ लाख ५४ हजार. बँकेच्या तक्त्यापेक्षा सव्वादोन लाख जास्त, आणि मे मध्ये भरली असती त्यापेक्षा ९९ हजार जास्त. लवकर उचलून तीन महिन्यांचं व्याज चाळीसएक हजार पडलं असतं, तेवढं वाचवायला गेलो आणि दुप्पट घालवले. रेट उलटा गेला असता तर मी आत्ता स्वतःला हुशार म्हणत असते, हे मला कळतं. पण आता कुणी विचारलं तर सांगते की शीटमध्ये धरलेल्या रेटच्या आसपास मिळतोय ना, मग भरून मोकळे व्हा. ९७ धरला होता, ९७.५० मिळत होता, तिथेच थांबायला हवं होतं.

राहण्याच्या खर्चात मात्र थोडी हवा मिळाली. तिकडे बाहेरच्या विद्यार्थ्यांना आठवड्याला १६ तास काम करता येतं, त्यासाठी काम देणाऱ्याने परवानगी काढावी लागते आणि बरेच जण त्या भानगडीत पडत नाहीत. लेकीला चार महिने कुणी घेतलं नाही, मग विद्यापीठातच काम मिळालं, महिन्याला ४०० युरो सुटतात. ४०० युरो म्हणजे ४० हजार रुपये असं मी गुणून बघते, पण खरी गोष्ट ही की ते युरोत येतात आणि युरोत जातात, रेटचा संबंधच नाही. आम्हाला दुसऱ्या वर्षी ८,४०० युरो पाठवायला लागले. जानेवारीचे चार हजार धरून उरले ४,४००, ते बाजूला ठेवलेल्या ३ लाखांतून आणि थोडे पगारातून तीन-तीन महिन्यांनी पाठवले. दर महिन्याला पाठवायला गेलो तर चार्जेसच खातात.

व्याजाचं थोडं सांगते. कोर्स चालू असताना साधं व्याज लागतं, भरलं नाही तरी चालतं, पण मग ते शेवटी मुद्दलात जातं. आम्ही पहिल्या महिन्यापासून भरलं, तेव्हा १०.४ टक्के होतं, महिन्याला १०,३०० यायचे. दर रेपोला जोडलेला आहे, फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला तसं आमचं ९.४ झालं, आपोआप, रिसेटच्या तारखेला. दुसऱ्या वर्षीची फी गेल्यावर उचल ३० लाख ४४ हजार झाली आणि व्याज महिन्याला २३,८०० च्या आसपास यायला लागलं. इन्कम टॅक्समध्ये, आधी ज्याला ८०ई म्हणायचे त्या सवलतीत, सगळं व्याज उत्पन्नातून वजा होतं, वरची मर्यादा नाही, पण फक्त जुन्या टॅक्स रेजीममध्ये आणि आठच वर्षं, आणि ती आठ वर्षं व्याज भरायला लागलात तिथून मोजायची. आम्ही लवकर सुरू केल्यामुळे आमची दोन वर्षं कोर्समध्येच गेली. तरीही आम्ही तेच केलं असतं, पण करण्याआधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कर्ज रुपयात आहे त्यामुळे आता युरो कुठेही गेला तरी हप्ता तोच. लेक तिकडे नोकरीला लागली तर युरो महागलेला तिच्याच फायद्याचा, आणि परत आली तर निदान रुपयाच्या पगारातून युरोचं कर्ज फेडायची वेळ नाही.

न उचललेले साडेतीन लाख बंद करायचं पत्र मागच्या सोमवारी शाखेत दिलं, पोच शिक्का मारून घेतली. फोनवर युरोचा अलर्ट लावलेला तो अजून रोज सकाळी साडेनऊला वाजतो. बंद करणार होते, पण लेकीच्या खोलीचं ९०० युरो डिपॉझिट ऑगस्टमध्ये परत यायचंय.